टूरच्या क्लेमची बेरीज जुळत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

आमच्या कंपनीचे सर्व्हिस इंजिनिअर महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेरगावी असतात आणि त्यांचे प्रवासखर्चाचे क्लेम माझ्या टेबलावर येतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांतला एक तरी अडकतोच, आणि मग फोन येतो, "ताई, पावत्या तर सगळ्या जोडल्यात, मग पैसे अडवले का?" पावत्या सगळ्या जोडलेल्या असतात हे खरं. पण बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो.

लक्षणं

क्लेम बिघडलाय हे खालच्यांपैकी एखाद्या खुणेवरून कळतं.

- फॉर्मवरची एकूण रक्कम आणि कॅल्क्युलेटरवर केलेली बेरीज यांत फरक येतो.
- बेरीज बरोबर आहे, पण त्याच मार्गाच्या मागच्या टूरपेक्षा रक्कम दीड-दोन हजारांनी जास्त आहे.
- जोडलेल्या पावत्यांची बेरीज क्लेमच्या रकमेशी तंतोतंत जुळते. (हो, हेसुद्धा लक्षणच आहे. कारण पुढे येतंय.)
- किलोमीटर सगळे गोल आकड्यांत आहेत: २५०, ८०, २४०.
- गाडी दुचाकी आहे आणि सोबत राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलची पावती आहे. तिथे दुचाकीला टोल लागत नाही.

तपासणीला बसण्याआधी एक गोष्ट पक्की हवी. क्लेममध्ये तीन वेगळ्या जातीचे पैसे असतात आणि तिन्हींचा पुरावा वेगळा असतो. किलोमीटरच्या पैशाचा पुरावा म्हणजे मीटरचं रीडिंग. दैनिक भत्त्याचा पुरावा म्हणजे निघण्याची आणि परतण्याची वेळ. पावती फक्त तिसऱ्या जातीला लागते: लॉज, टोल, पार्किंग असा प्रत्यक्ष खर्च. त्यामुळे पावत्यांची बेरीज ही एकूण रकमेपेक्षा नेहमी कमीच असायला हवी. ती जुळली, तर किलोमीटर आणि भत्ता ज्या खर्चासाठी मिळतात त्याच्याच पावत्या पुन्हा लावलेल्या असण्याची शक्यता मोठी. (आमच्याकडे दैनिक भत्त्याला सरसकट डीए म्हणतात. सरकारी नोकरीतल्यांनी तो महागाई भत्ता समजू नये.)

उदाहरणाला एक खराच क्लेम घेते, आकडे थोडे बदलून. एक इंजिनिअर स्वतःच्या कारने पुण्याहून कराडमार्गे कोल्हापूरला गेला, दोन रात्री राहिला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. आमचा कारचा दर किलोमीटरला ११ रुपये, पूर्ण दिवसाचा भत्ता ६०० रुपये. त्याचा फॉर्म असा होता:

| बाब | रक्कम |
|---|---|
| ५६२ किमी × ११ | ६,१८२ |
| भत्ता, ३ दिवस × ६०० | १,८०० |
| लॉज, २ रात्री | २,९४० |
| टोल | १,००० |
| पेट्रोल | २,५०० |
| पार्किंग | ६० |
| एकूण | १४,४२२ |

पहिली तपासणी: नुसती बेरीज

दोन मिनिटं लागतात, खर्च शून्य. फॉर्म कितीही सुबक छापलेला असला तरी कॅल्क्युलेटर घेऊन रकमा स्वतः मिळवायच्या. वरच्या रकमा मिळवल्या की १४,४८२ येतात. फॉर्मवर १४,४२२ आहेत. फरक साठचा, आणि पार्किंगही साठचंच. फरक एखाद्या ओळीच्या रकमेएवढाच निघाला, तर ती ओळ बेरजेतून सुटलीय किंवा दोनदा धरली गेलीय.

इथे ती सुटली होती. पठ्ठ्याने एक्सेलमध्ये पार्किंगच्या घरात `60/-` असं टाइप केलं होतं. आपल्याला व्हाउचरवर लिहायची सवय असते तसंच. एक्सेल मात्र त्याला आकडा मानत नाही, मजकूर मानतं, आणि `SUM` मजकूर गुपचूप सोडून देतो. चूक झाल्याचा इशाराही देत नाही. `Rs 60` किंवा आकड्यानंतर लिहिलेलं "फक्त" यांचंही तेच होतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे आकडे घराच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या. ओळी जास्त असतील तर हे सूत्र टाका:

```
=COUNTA(F2:F20)-COUNT(F2:F20)
```

पहिला भाग भरलेली घरं मोजतो, दुसरा फक्त आकड्यांची. उत्तर शून्याहून मोठं आलं, तर तेवढ्या रकमा बेरजेबाहेर राहिल्यात.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, ही जुन्या हिशेबनीसांची युक्तीही कामाची आहे. २,९४० च्या जागी २,४९० पडले तर फरक ४५० येतो, म्हणजे ९ गुणिले ५०. पण ही युक्ती एकच चूक असेल तेव्हाच चालते. ती फसते कशी, ते याच क्लेममध्ये शेवटी दिसेल.

दुसरी तपासणी: एकच खर्च दोन ओळींत

यालाही फक्त डोळे लागतात, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त रक्कम इथेच निघते. प्रत्येक ओळीला विचारायचं, की हा खर्च दुसऱ्या कुठल्या ओळीत आधीच आलाय का?

पेट्रोलची २,५०० ची पावती बघा. किलोमीटरला ११ रुपये दिले, त्यात पेट्रोल आलं, सर्व्हिसिंग आलं, टायरची झीज आली. वर पेट्रोलची पावती लावली तर कंपनी इंधनाचे पैसे दोनदा देते. इंजिनिअरची नियत वाईट होती असं मुळीच नाही. "पावती जोडल्याशिवाय पैसे मिळत नाहीत" एवढंच त्याच्या कानावर पडलेलं, म्हणून पंपावरची चिठ्ठी जपून आणली आणि जोडली म्हणून क्लेममध्ये धरली. टूर झाल्याचा पुरावा म्हणून ती चिठ्ठी राहू द्यायला हरकत नाही, रक्कम मात्र शून्य. कंपनीची गाडी असेल तर बरोबर उलटं होतं: पेट्रोल पावतीप्रमाणे मिळतं आणि किलोमीटरचा दर लागत नाही. दोन्ही एकत्र कधीच नाही.

अशीच दुसरी जोडी जेवणाची. दैनिक भत्ता जेवणखाणासाठीच असतो. लॉजच्या बिलात रात्रीचं जेवण खोलीच्या नावावर चढवलेलं असेल, तर तेवढी रक्कम बिलातून वजा करावी लागते. बिलाची शेवटची रक्कम बघून पुढे गेलात की हे हमखास निसटतं. या क्लेममधलं लॉजचं बिल स्वच्छ होतं: खोली १,४०० प्रमाणे दोन रात्री २,८००, त्यावर ५ टक्के जीएसटी १४०, मिळून २,९४०. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे, त्याआधी १२ होता. जुन्या तारखेच्या बिलावर १२ दिसले तर दचकू नका.

तिसरी तपासणी: किलोमीटर

आधी दर बघायचा, कारण ते सोपं आहे. दर बदलल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात निम्मे लोक जुनीच फाइल कॉपी करून पाठवतात. टूर ज्या तारखेला झाली त्या तारखेचा दर लागतो, क्लेम भरला त्या दिवसाचा नाही. टूर दोन महिन्यांवर पसरली असेल तर किलोमीटर दिवसागणिक तोडून घ्यावे लागतात. इथे दर बरोबर होता.

मग रीडिंग. सुरुवातीचं ४८,२१२, शेवटचं ४८,७७४, वजाबाकी ५६२. म्हणजे गणितात चूक नव्हती. तरी मी दोन गोष्टी बघते. पहिली, याच गाडीच्या मागच्या क्लेमचं शेवटचं रीडिंग. ते आत्ताच्या सुरुवातीच्या रीडिंगपेक्षा कमीच हवं, मधला फरक म्हणजे त्याचा खासगी वापर. मागचं शेवटचं जास्त निघालं तर दोन्हींतला एक आकडा अंदाजाने लिहिलेला आहे. मागची फाइल उघडायला एक मिनिट लागतं, आणि नकाशावर अंतर मोजण्यापेक्षा ही तपासणी जास्त पक्की आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसवार फोड. त्याने दिली होती ती अशी: पहिला दिवस पुणे-कराड-कोल्हापूर २४३, दुसरा दिवस स्थानिक ८१, तिसरा दिवस परत २३८. जाण्यायेण्याचे आकडे नकाशाशी जुळले. नकाशापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर मी विचारत नाही, वळसे, डायव्हर्जन, गावात पत्ता शोधणं यात तेवढं जातं. पण दुसऱ्या दिवशी काम एकाच ठिकाणी होतं, कागलच्या एमआयडीसीत. कोल्हापूरहून तिथे जाऊन यायला चाळीसेक किलोमीटर. मग ८१ कसे?

फोन केला. तो हसत म्हणाला, "ताई, संध्याकाळी जोतिबाला जाऊन आलो. एवढं कोल्हापूरला जायचं आणि डोंगरावर नाही जायचं?" जावं की. पण ते ४० किलोमीटर ज्याचे त्याचे. ५२२ गुणिले ११, म्हणजे ५,७४२.

यात एक शिकले ते सांगते. आकडा खटकला तर आधी विचारायचं, परस्पर कापायचं नाही. कधी कधी त्याच दिवशी दुसऱ्या ग्राहकाचा अचानक फोन आलेला असतो आणि ती भेट फॉर्मवर लिहायचीच राहिलेली असते. तेव्हा किलोमीटर कापणं चूक, भेटीची नोंद मागून घेणं बरोबर.

चौथी तपासणी: भत्त्याचे दिवस की तास?

"सोमवारी गेलो, बुधवारी आलो, तीन दिवस" हा हिशेब सगळेच करतात. नियम बहुतेक ठिकाणी तासांवर असतो. केंद्र सरकारच्या प्रवासभत्त्याच्या नियमांत मुख्यालयापासून ६ तासांपर्यंत दूर असाल तर ३० टक्के, ६ ते १२ तासांना ७० टक्के आणि १२ तासांच्या वर पूर्ण भत्ता, असे टप्पे आहेत आणि दिवस मध्यरात्र ते मध्यरात्र मोजतात. आमच्या कंपनीनेही हेच टप्पे उचललेत. तुमच्याकडे दिवस निघाल्यापासून २४ तासांचा मोजत असतील तर उत्तर बदलेल, म्हणून पॉलिसीत ती एक ओळ आधी शोधा.

हा इंजिनिअर सोमवारी सकाळी ६:४० ला निघाला. मध्यरात्रीपर्यंत सतरा तास वीस मिनिटं, म्हणजे पूर्ण ६००. मंगळवार पूर्णच, ६००. बुधवारी कोल्हापूरहून पहाटेच सुटला आणि ११:३० ला ऑफिसात हजर. मध्यरात्रीपासून मोजले तर साडेअकरा तास, बाराच्या आत. म्हणून ७० टक्के, ४२०. एकूण १,६२०, त्याने धरलेल्यापेक्षा १८० कमी. अर्ध्या तासासाठी १८० रुपये गेले म्हणून तो जरा हिरमुसला, पण गेटवरच्या नोंदीत ११:३० होते.

तास काढायला एक्सेल वापरत असाल तर आपली एक सवय आडवी येते. आपण वेळ `11.30` अशी टिंब देऊन लिहितो. एक्सेलला ती वेळ वाटत नाही, अकरा पूर्णांक तीस शतांश वाटते. मध्ये दोन टिंबं हवीत, `11:30`. त्यानंतर:

```
=(C2-B2)*24
```

एक्सेल वेळ दिवसाच्या अंशात साठवतं, म्हणून २४ ने गुणायचं. उत्तर पुन्हा वेळेसारखं दिसलं तर त्या घराचं फॉरमॅट `Number` करा. दोनशे-अडीचशे तास आले, तर कुठेतरी टिंब राहिलंय.

पाचवी तपासणी: पावत्या, एक-एक

हे काम वेळखाऊ, म्हणून शेवटी ठेवते. तोवर निम्म्या पावत्यांची गरजच उरलेली नसते. प्रत्येक पावतीवर तीन गोष्टी बघायच्या: तारीख टूरच्या आत आहे का, जागा मार्गावर आहे का, आणि पैसे खरंच खर्च झालेत का. तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण टोलमध्ये नेमकं तिथेच चुकतं.

या क्लेममध्ये टोलचे १,००० होते आणि सोबत मोबाइलवरच्या व्यवहाराचं चित्र होतं. ते फास्टॅगच्या रिचार्जचं होतं! रिचार्ज म्हणजे स्वतःच्याच पाकिटात घातलेले पैसे. खर्च तो, जो नाक्यावर कापला गेला. त्यासाठी बँकेच्या ॲपमधून त्या तारखांचं फास्टॅग स्टेटमेंट काढायला सांगते. ते आलं तेव्हा जाता-येता मिळून ६४० कापलेले दिसले. बाकीचे ३६० त्याच्या टॅगमध्येच शिल्लक आहेत आणि पुढच्या रविवारी सासुरवाडीला जाताना वापरले जातील.

स्टेटमेंटचा दुसरा फायदा असा, की नाक्याचं नाव आणि वेळ दोन्ही त्यात येतात. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे नाके क्रमाने दिसले की मार्ग आपोआप पडताळला जातो आणि निघण्या-परतण्याच्या वेळाही. येतानाचा टोल जातानाच्या निम्मा दिसला तर गोंधळू नका. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांत परतलं तर जाऊन-येऊन मिळून दीडपट टोल लागतो. या टूरमध्ये दोन रात्री गेल्या, त्यामुळे ती सवलत नव्हती.

पार्किंगच्या साठ रुपयांना पावती नव्हती. आमच्याकडे शंभरापर्यंत सहीवर चालतं, म्हणून ते मान्य. उलट बेरजेतून सुटले होते ते परत घातले. कापतो तसं वाढवायलाही हवं, नाहीतर पुढच्या वेळी कोणी खरं बोलत नाही.

थर्मल कागदावरच्या पावत्या महिनाभरात, त्यातही गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिल्या तर त्याआधीच, पुसट होतात. मी सगळ्यांना त्याच दिवशी फोटो काढून ठेवायला सांगितलंय. कोरा कागद आणून "यावर साडेचारशे होते" म्हणणाऱ्याला मी तरी काय करणार?

आता एकूण

किलोमीटर ५,७४२, भत्ता १,६२०, लॉज २,९४०, टोल ६४०, पार्किंग ६०. मिळून ११,००२. त्याच्या १४,४२२ मधून वजा केले तर फरक ३,४२०.

हा फरक नुसता लिहून क्लेम परत पाठवायचा नाही, त्याची फोड द्यायची: पेट्रोल २,५००, खासगी किलोमीटर ४४०, टोल ३६०, भत्ता १८०, आणि उलट बाजूने पार्किंगचे ६० वाढले. २,५०० + ४४० + ३६० + १८० − ६० = ३,४२०. फोडीची बेरीज फरकाशी रुपयाला रुपया जुळली, तरच तपासणी संपली. दहा-वीस रुपये अधांतरी राहिले तर बहुतेक वेळा दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात.

आता नऊची युक्ती आठवा. ३,४२० ला ९ ने बरोबर ३८० वेळा भाग जातो, पण अंकांची अदलाबदल इथे कुठेच झालेली नाही. पाच वेगळ्या चुकांची बेरीज योगायोगाने तशी आली. भागाकाराच्या मागे लागले असते तर अख्खी दुपार गेली असती.

शेवटी ॲडव्हान्स. त्याने निघताना ५,००० उचलले होते आणि फॉर्मवर त्याचा उल्लेखच नव्हता. ११,००२ मधून ते वजा, हातात ६,००२. बेरीज जुळल्याच्या आनंदात ही वजाबाकी विसरणारे मी पाहिलेत, आणि एकदा मीही विसरलेय.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

तीन ठिकाणी मी स्वतः पुढे जात नाही.

पहिलं, जेव्हा चुकीपेक्षा जास्त काही दिसतं. एकच बिल दोन महिन्यांत आलंय, रकमेतला अंक गिरवून बदललाय, दोन वेगळ्या गावांच्या लॉजची बिलं एकाच हस्ताक्षरात आहेत. अशा वेळी त्या माणसाला फोन करून खुलासा मागू नका. मूळ कागदावर पेनाने खूणही करू नका. झेरॉक्स काढा, मूळ कागद जसाच्या तसा फायनान्स मॅनेजरकडे किंवा अंतर्गत ऑडिटकडे द्या आणि तो क्लेम तुमच्यापुरता थांबवा. आपण बेरीज तपासतो, चौकशी करणारे वेगळे असतात.

दुसरं, कराचा प्रश्न आला की सीए. टूरचा खर्च म्हणून दिलेला भत्ता खर्चापुरताच करमुक्त धरला जातो. त्यामुळे टूर न करता दरमहा ठरावीक रक्कम जात असेल, तर ती पगारात धरायची का, हे आपण ठरवायचं नाही. परराज्यातल्या लॉजच्या बिलावरच्या जीएसटीचं आणि मोठ्या रोख खर्चाचंही तसंच. बिल कंपनीच्या नावावर नसेल तर तेही सीएंना दाखवून घ्या.

तिसरं, पॉलिसी गप्प असेल तेव्हा. घरून थेट टूरला निघाला तर घर-ऑफिस अंतर वजा करायचं का? दोघं एका गाडीतून गेले तर किलोमीटर कुणाला? ग्राहकाने जेवू घातलं तर भत्ता कापायचा का? यांची उत्तरं मी मनाने देत नाही. एचआरला मेल टाकते आणि उत्तर येईपर्यंत वाद नसलेली रक्कम सोडते. कोल्हापूरच्या इंजिनिअरचे ६,००२ त्याच संध्याकाळी गेले. घरून निघाल्याबद्दलचा त्याचा एक जुना १३२ रुपयांचा प्रश्न मात्र अजून एचआरच्या इनबॉक्समध्ये आहे.